उलटी करणारं पिल्लू, एक्स-रेत काहीच दिसत नाही: बेरियम द्यायचं की पोट उघडायचं?

प्रश्न: सर, कुत्र्याचं साडेचार महिन्यांचं पिल्लू आहे, दोन दिवस उलट्या, पार्वोची किट निगेटिव्ह. साध्या एक्स-रेत वस्तू अशी काही दिसत नाही पण आतड्याचे दोन-तीन लूप फुगल्यासारखे वाटतात. बेरियम देऊन बघू का सरळ उघडू? आणि किती वेळ थांबलं तर चालतं?

उत्तर:

आधी त्या फिल्ममध्ये वस्तू शोधणं सोडा. पिल्लं जे गिळतात त्यातलं बहुतेक, म्हणजे रबर, कापड, पातळ प्लास्टिक, स्पंजचे तुकडे, हे एक्स-रेत आतड्यातल्या पाण्याइतक्याच राखाडी रंगाचं दिसतं, म्हणजे दिसतच नाही. हाड, दगड, धातू दिसतात, आणि त्यांच्यामुळे आपल्याला वाईट सवय लागते की वस्तू दिसली तर अडथळा, नाही दिसली तर गॅस्ट्रो. दोन्ही चूक. पोटात दगड दिसतोय आणि पिल्लू मस्त खातंय असंही बघितलंय आणि फिल्म कोरी पण आतडं काळंनिळं असंही. वाचायचं असतं ते आतडं.

आतडं वाचायचं म्हणजे नेमकं काय, तर एकाच फिल्मवर दोन प्रकारचं छोटं आतडं दिसतंय का ते बघायचं. अडथळ्याच्या वरचा भाग गॅस आणि पाण्याने फुगतो, खालचा भाग रिकामा, बारीक राहतो. पार्वो किंवा साध्या एन्टरायटिसमध्ये सगळंच आतडं थोडं थोडं फुगतं, एकसारखं. काही लूप जाड नळीसारखे आणि शेजारीच काही पेन्सिलीएवढे, असं चित्र असेल तर माझे कान टवकारतात. डोळ्यावर विसंबू नका, मोजा. लॅटरल फिल्मवर पाचव्या लंबर मणक्याच्या बॉडीची उंची घ्यायची, मधोमध जिथे ती सगळ्यात कमी असते तिथे, आणि सगळ्यात फुगलेल्या लूपची रुंदी बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्यायची. भागाकार १.६ पर्यंत आला तर सहसा नॉर्मल, २ च्या पुढे गेला तर अडथळ्याची शंका बळकट, २.४ च्या आसपास आणि पुढे तर मी ऑपरेशनची तयारी सुरू करतो. मधला पट्टा करडा, आणि तुमची केस वर्णनावरून त्याच पट्ट्यात वाटते.

पिल्लांच्या बाबतीत दोन गोष्टी फसवतात. एक, पिल्लाच्या पोटात चरबी नसते त्यामुळे आतड्यांच्या कडा धूसर दिसणं हे त्या वयात नॉर्मल आहे, मोठ्या कुत्र्यात तसं दिसलं तर आपण पोटात पाणी म्हणतो, पिल्लात लगेच म्हणायचं नाही. दुसरं, टेबलावर धरलं की पिल्लू ओरडतं, धापा टाकतं, भरपूर हवा गिळतं आणि मग सगळीकडे गॅस. ती हवा पसरलेली असते, लूप मऊ वळणं घेतात. अडथळ्यातला लूप ताणलेला असतो, वळणावर केसांच्या पिनेसारखा वाकतो आणि एकावर एक थर लावल्यासारखे लूप दिसतात.

आता व्ह्यूजबद्दल, कारण फिल्म चुकीची घेतली म्हणून निदान हुकलेलं मी सगळ्यात जास्त बघतो. फक्त राइट लॅटरल आणि व्हीडी घेऊन थांबू नका, लेफ्ट लॅटरल घ्याच. पिल्लू डाव्या कुशीवर असताना पोटातला गॅस वर म्हणजे पायलोरस आणि ड्युओडेनमकडे जातो आणि तिथे अडकलेली वस्तू त्या काळ्या गॅसमध्ये उठून दिसते. राइट लॅटरलला त्याच जागी पाणी साचतं आणि वस्तू त्या पाण्यात गायब होते, किंवा पाण्याने भरलेला पायलोरसच गोल चेंडूसारखा दिसून आपण फसतो. अजून एक, पायलोरस किंवा ड्युओडेनमच्या सुरुवातीला अडथळा असेल तर सगळं उलटीतून बाहेर पडतं, मागे फुगायला आतडंच नसतं, त्यामुळे फिल्म अगदी निर्दोष दिसू शकते. अशा वेळी रक्त बोलतं, क्लोराइड कमी, पोटॅशियम कमी, बायकार्बोनेट वाढलेलं. दिवसातून दहा वेळा उलटी, फिल्म साफ आणि क्लोराइड पडलेलं, हे घरी पाठवायचं पिल्लू नाही.

तुमच्यासारखीच एक केस सांगतो म्हणजे थांबायचं की नाही ते नीट कळेल. साडेचार महिन्यांचं लॅब्रॅडोर, ७.८ किलो, दोन दिवस उलट्या, आधी खाल्लेलं पडायचं मग नुसतं पिवळं पाणी, शी आदल्या दिवसापासून नाही. मालक म्हणाले काही खाल्लेलं नाही, घरात काहीच पडलेलं नसतं (हे वाक्य प्रत्येक मालक म्हणतो, नोंद करा आणि पुढे चला). हिरड्या चिकट, हार्ट रेट १९०, ग्लुकोज ५८, पोटॅशियम ३.१. पोट चाचपताना मधोमध हात नेला की पिल्लू ताठ व्हायचं पण गाठ अशी हाताला लागली नाही. जिभेखाली दोरा अडकलेला नाही ते बघितलं, हे मांजरात जास्त सापडतं पण अर्ध्या मिनिटाचं काम आहे, करून टाकायचं. फिल्मवर मणका ९ मिलिमीटर, सगळ्यात मोठा लूप १६, म्हणजे १.८ च्या जवळपास. वस्तू नाही, पोटात मोकळी हवा नाही, आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा झालेलं नाही.

पहिली शंका अशी की तो फुगलेला लूप मुळात छोटं आतडं आहे की कोलन. कोलनमध्ये गॅस असतोच आणि पिल्लात तो कुठेही वळून बसतो. यासाठी बेरियम लागत नाही, मऊ कॅथेटर रेक्टममध्ये घालून सिरिंजने हळूहळू साधी हवा सोडायची, जोर लावायचा नाही, आणि लगेच एक लॅटरल आणि एक व्हीडी काढायची. कोलन काळं होऊन आपली जागा दाखवतं, आणि उरलेला फुगलेला लूप जो असेल तो छोट्या आतड्याचा. पाच मिनिटांचं काम, खर्च जवळपास नाही, धोका फार कमी, तरी लोक का करत नाहीत मला कळत नाही. आमच्या पिल्लात कोलन वेगळं निघालं आणि तो १६ मिलिमीटरचा लूप जेजुनमचाच ठरला.

इथे मी थांबलो, पण थांबलो म्हणजे हातावर हात ठेवून बसलो नाही. साधारण १२० मिली रिंगर लॅक्टेट वीस मिनिटांत, ५० टक्के डेक्स्ट्रोज ४ मिली चौपट सलाईनमध्ये पातळ करून हळू, मग डेफिसिट भरून काढण्यापुरतं फ्लुइड आणि त्यात पोटॅशियम, बोलसमध्ये पोटॅशियम कधीच नाही. दुखण्यावर ओपिऑइड. मेटोक्लोप्रामाइड अजिबात नाही, बंद नळीवर मागून दाब वाढवायचा प्रकार आहे तो. मॅरोपिटंटबद्दल माझं मत असं की निदान होईपर्यंत हात आखडता घ्या, उलटी थांबली की मालक खूश आणि आपणही खूश, आणि आत आतडं सडत राहतं. दिलंच असेल तर "उलटी थांबली म्हणजे बरं वाटतंय" हा निष्कर्ष त्या दिवसापुरता विसरायचा.

आठ तासांनी तेच व्ह्यूज, त्याच पद्धतीने. पाणी पुरेसं मिळाल्यावर गॅस्ट्रोचं आतडं सुधारतं, गॅस पुढे सरकतो, लूपची जागा बदलते. आमच्या पिल्लात हार्ट रेट १४० वर आला, पिल्लू टवटवीत दिसायला लागलं, शेपूटसुद्धा हलवली, पण तोच लूप त्याच जागी होता आणि आता २२ मिलिमीटर, शेजारचे लूप ८ चे. २.४ झालं. बाहेरून पिल्लू सुधारलं, आतून बिघडलं, आणि फिल्म दुसऱ्यांदा काढली नसती तर मी त्याला घरी सोडलं असतं हे कबूल करतो. बेरियम दिलं नाही, गरजच उरली नव्हती. अर्ध्या तासात टेबलावर घेतलं.

सोनोग्राफी असेल आणि हात बसलेला असेल तर हे आठ तास वाचू शकतात. फुगलेला पाण्याने भरलेला लूप, त्याच्या टोकाला चमकणारी कड आणि तिच्यामागे गडद सावली, हे दिसलं की प्रश्न मिटला. पिल्लांमध्ये इन्टससेप्शनपण असतंच, आतड्यात आतडं शिरलेलं, आडव्या छेदात कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसतात, ते साध्या फिल्मवर ओळखणं अवघड आहे. आणि पार्वोची किट निगेटिव्ह आली म्हणून पार्वो शंभर टक्के नाही असं समजू नका, पांढऱ्या पेशी बघा, आणि उलट बाजूने पार्वो निघाला म्हणून अडथळा नाही असंही नाही कारण पार्वोच्या पिल्लालाच इन्टससेप्शन होतं.

आता बेरियम. बेरियम कधी, तर फिल्म करडी आहे, पाणी देऊन पुन्हा काढली तरी करडीच आहे, सोनोग्राफी नाही, आणि आतडं फुटल्याची कसलीही शंका नाही. या चारही गोष्टी जुळल्या तरच. द्यायचं तर पुरेसं द्या. सगळ्यात मोठी चूक म्हणजे दहा-पंधरा मिली चाटवून फिल्म काढणं, मग आतडं अर्धवट भरतं, गुठळ्या गुठळ्या दिसतात आणि प्रत्येक गुठळी वस्तू वाटते. साधारण ३० टक्के सस्पेन्शन, लहान पिल्लाला किलोला १० मिलीच्या आसपास, म्हणजे या पिल्लाला ८० मिली. तयार बेरियम बहुतेक वेळा १०० टक्क्यांच्या जवळ असतं, एक भाग बेरियम दोन भाग पाणी असं पातळ करून घ्यायचं. स्टमक ट्यूबने द्यायचं आणि ट्यूब अन्ननलिकेतच आहे याची खात्री आधी करायची, फुप्फुसात गेलेलं बेरियम परत काढता येत नाही. पोट आधी रिकामं हवं, भरल्या पोटात बेरियम म्हणजे सगळं खाणंच फिलिंग डिफेक्ट.

फिल्म लगेच एक, मग १५ मिनिटं, ३० मिनिटं, तास, आणि मग दर तासाला बेरियम कोलनमध्ये पोचेपर्यंत. नॉर्मल कुत्र्यात साधारण दीड-दोन तासांत बेरियमचं टोक कोलनला लागतं आणि पोटातून ते पंधरा मिनिटांतच निघायला सुरुवात होते. बघायचं काय, तर खांब जिथे येऊन थांबतो आणि पुढच्या फिल्मवरही तिथेच थांबलेला असतो, थांबलेल्या टोकाला वस्तूचा आकार कोरल्यासारखा दिसतो. कापड असेल तर उलट, बाकी सगळं बेरियम पुढे गेल्यावर कापडाने शोषलेलं तेवढं मागे उरतं, म्हणून शेवटची उशिराची फिल्म टाळू नका. पण नुसता उशीर म्हणजे अडथळा नव्हे. घाबरलेलं पिल्लू, ओपिऑइड दिलेलं पिल्लू, झायलॅझिन किंवा मेडेटोमिडिनने झोपवलेलं पिल्लू, पोटॅशियम पडलेलं पिल्लू, या सगळ्यांचं आतडं आळशी असतं. वरच्या केसमध्ये मी ओपिऑइड दिलेलं होतं, बेरियम दिलं असतं तर उशीर कशाचा हे मलाच कळलं नसतं.

आणि ही माझी स्वतःची चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी पाच महिन्यांचं एक पिल्लू, तीन दिवस उलट्या, साध्या फिल्मवर आतडं पोटाच्या उजव्या बाजूला गोळा झालेलं आणि त्यात गॅसचे छोटे छोटे स्वल्पविरामासारखे थेंब. मला तो गॅस नीट वाचता आला नाही. लांब दोरा किंवा कापडाची पट्टी एका टोकाला पोटात अडकते आणि आतडं त्या दोऱ्यावर पायजम्याच्या नाडीवर कापड गोळा व्हावं तसं चढत जातं, त्या चुण्यांमध्ये अडकलेला गॅस असाच तुकड्या-तुकड्यांत दिसतो. तेवढ्या चित्रावर ऑपरेशन ठरायला हवं होतं. मी "खात्री करू" म्हणून बेरियम दिलं, तिसऱ्या फिल्मवर ते आतड्याच्या बाहेर पसरलेलं दिसलं. दोऱ्याने आतडं मेसेन्टरीच्या बाजूने करवतीसारखं कापलेलं होतं. बेरियम पोटात सांडलं की ते धुऊन निघत नाही, पेरिटोनियमला चिकटून बसतं, जंतूंसोबत असेल तर अजून वाईट. दोन तास धूत होतो, पांढरी पूड ओमेंटमवर तशीच. पिल्लू चौथ्या दिवशी गेलं. तेव्हापासून स्वल्पविरामासारखा गॅस दिसला की माझ्याकडे बेरियमची बाटली उघडत नाही.

फुटल्याची शंका आहे पण तरी कॉन्ट्रास्ट हवाच असेल तर आयोहेक्सॉलसारखं नॉन-आयनिक आयोडीनवालं पातळ करून द्यायचं, ते सांडलं तरी शोषलं जातं. जुनं आयनिक, म्हणजे डायट्रिझोएट, डिहायड्रेटेड पिल्लाला देऊ नका, ते आतड्यात पाणी ओढून घेतं आणि आधीच सुकलेलं पिल्लू शॉकमध्ये जातं. पण मी म्हणेन की शंका इतकी असेल तर कॉन्ट्रास्टऐवजी सुई घाला, पोटातलं पाणी काढा. त्यात पेशींच्या आत बॅक्टेरिया दिसले, किंवा त्या पाण्यातलं ग्लुकोज रक्तापेक्षा २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कमी निघालं, तर तो सेप्टिक पेरिटोनायटिस धरायचा आणि पुढची फिल्म काढायची नाही.

किती थांबायचं याचं उत्तर तासांत देता येत नाही, कशावर थांबायचं नाही ते सांगतो. पोटात मोकळी हवा, म्हणजे लॅटरलवर डायफ्रॅम आणि लिव्हरच्या मध्ये काळी चंद्रकोर, आणि शंका असेल तर पिल्लाला डाव्या कुशीवर ठेवून आडवा बीम. दोऱ्याच्या चुण्या. पोटातल्या पाण्यात बॅक्टेरिया. एकापेक्षा जास्त लोहचुंबक, कारण ते दोन लूपच्या भिंती मध्ये धरून भोक पाडतात. आणि २ च्या बऱ्याच पुढे गेलेला, दुसऱ्या फिल्मवर त्याच जागी असलेला लूप. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट नाही. पण "लगेच" याचा अर्थ शॉकमधलं पिल्लू तसंच गॅसवर घेणं असाही नाही, एक-दोन तास फ्लुइड, ग्लुकोज, पोटॅशियम आणि अँटिबायोटिक यांना द्या, टेबलवर मरणारी पिल्लं बहुतेक या दोन तासांअभावी मरतात. वाट बघता येते ती वेगळी केस, जठरातच असलेली छोटी गुळगुळीत वस्तू आणि खातंपितं पिल्लू, तिथे उलटी करवणं, एन्डोस्कोपी किंवा नुसतं रोज फिल्म काढणं चालतं. बॅटरी मात्र जठरात असली तरी थांबायची गोष्ट नाही, ती भिंत जाळते.

भूल देण्याच्या अगदी आधी एक लॅटरल परत काढा. वस्तू कोलनमध्ये उतरलेली असेल तर पोट उघडायचंच नाही, हे माझ्याकडे दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा मालकांनी मिठी मारायची बाकी ठेवली.

त्या लॅब्रॅडोरच्या पिल्लात जेजुनमच्या मधोमध बाळाच्या बाटलीचं रबरी बूच निघालं. छेद वस्तूवर घेतला नाही, वस्तूवरचं आतडं दाबाने खराब झालेलं असतं, तिच्या खालच्या बाजूच्या निरोगी आतड्यावर मेसेन्टरीच्या विरुद्ध कडेला घेतला आणि वस्तू हळूच त्यातून पिळून काढली. वरचा भाग जांभळा होता, कापायचा मोह होतो, पण कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या मॉपखाली दहा मिनिटं ठेवल्यावर गुलाबी झाला, चिमटा लावला की आकुंचन पावला, मेसेन्टरीतली नाडी दिसत होती, म्हणून ठेवला. ४-० पीडीएस, साधे तुटक टाके, सबम्युकोसा धरून, कारण ताकद त्याच थरात असते, दोन टाक्यांत ३ मिलिमीटर. सलाईन भरून गळती बघितली, वर ओमेंटम. आणि मग पोटापासून कोलनपर्यंत सगळं हाताखालून घातलं, तर पोटात त्याच बुचाचा दुसरा तुकडा पडलेला. तो सोडला असता तर आठवड्यात परत तेच.

बारा तासांनी थोडं मऊ खाणं सुरू केलं, उपाशी ठेवून आतडं लवकर भरत नाही. मालकांना मी घरी जाताना एकच तारीख लिहून देतो, ऑपरेशननंतरचा तिसरा ते पाचवा दिवस. टाके सुटायचे असतील तर बहुतेक त्याच दिवसांत सुटतात, आणि दोन दिवस छान खाल्लेलं पिल्लू तिसऱ्या दिवशी वाडग्याकडे पाठ फिरवून बसलं, परत उलटी झाली, अंग तापलं तर फोन नाही करायचा, सरळ घेऊन यायचं. आणि आल्यावर आपणही "टाक्यांचा ताप असेल" म्हणायचं नाही, सुई घालून पाणी बघायचं.